पाच लिटरची ओवी

ड्रममध्ये औषध उरलं होतं. स्वयंपाकात चार घास उरले तर घरात बरकत आहे म्हणतात. पण वाळवीचं औषध उरलं, तर कुणाच्या तरी घराच्या पायाची माती तहानलेली राहिली असं समजायचं. बाई ड्रमच्या कडेला हात टेकून आत वाकून बघत राहिल्या. दुधासारखं पांढरं औषध होतं ते, आणि त्यात त्यांचा स्वतःचाच चेहरा हलत होता, जणू तोही विचारत होता, बाई गं, मी इथं कसा?

दोन ड्रम कालवले होते. एक दोनशे लिटरचा, पूर्ण भरलेला, आणि एक अर्धा, शंभरचा. पहिला रिकामा होऊन आडवा पडला होता. दुसऱ्यात काठीनं मोजलं तर पाऊणशे लिटर. म्हणजे तीनशेतलं पाऊणशे. चार आणे माल मातीत गेलाच नव्हता.

"अहो," बाईंनी हाक मारली, "सगळं झालं का?"

"कधीच!" काका चराच्या टोकाला गमबूट झाडत उभे होते. तोंडावरचा मास्क त्यांनी गळ्यात ओढला. "बघ की, एक इंच कोरडा दाखव. सगळा चर ओला केलाय."

ओला तर होताच. ओलं दिसायला पाच लिटर लागत नाहीत, लोटाभर पाण्यानंही माती काळी दिसते. हेच तर या धंद्यातलं दुखणं. ओलं झालं म्हणजे भिजलं असं नाही, आणि वाळवीला दोन्हीतला फरक बरोबर कळतो.

"मग एवढं उरलं कसं?"

"तुझं गणित चुकलं असेल."

"माझं?"

"मग काय माझं? मी गणित करतो का कधी?" आणि ते हसले. तीस-एक वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्याचं हसूही ठरलेलं होतं.

त्यांच्या घरची वाटणीच तशी होती. गणित बाईंचं, नळी काकांची. बांधकामावर सगळे त्यांना औषधवाल्या बाई आणि औषधवाले काका म्हणत; दोघांपैकी एकच आलं तर मिस्त्री लोक विचारत, आज अर्धंच औषध का? घराचा पाया खणला, की भिंत चढण्याआधी यांना बोलावणं जायचं. बाई टेप घेऊन चरात उतरायच्या, मापं घ्यायच्या, औषध कालवायच्या. मग काका मास्क चढवून, हातमोजे घालून नळी उचलायचे, आणि त्यांच्या हातात नळी आली की हा साधा, थोडा पोक काढून चालणारा माणूस एकदम ताठ व्हायचा.

बाईंनी मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडलं. चराची एकूण लांबी चाळीस मीटर. रुंदी नव्वद सेंटिमीटर. तळ झाला छत्तीस चौरस मीटर. दोन्ही कडा तळापासून तीस सेंटिमीटर उंचीपर्यंत भिजवायच्या. म्हणजे दोन कडांचे चोवीस. छत्तीस आणि चोवीस साठ. दर चौरस मीटरला पाच लिटर. तीनशे. एक भाग औषध, एकोणीस भाग पाणी. पंधरा लिटर औषध, दोनशे पंच्याऐंशी लिटर पाणी. यात चुकायला जागाच नव्हती. तरी स्वतःवर संशय घेणं सोपं असतं. दुसऱ्यावर, त्यातून आपल्या माणसावर घेणं जड जातं.

त्यांनी मिस्त्रीला टेपचं टोक धरायला लावलं.

"बाई, सकाळीच मोजलं की," मिस्त्री म्हणाला. "माती काय दुपारी लांब होते का?"

"तू टोक धर, तोंड चालवू नको."

लांबी तीच. रुंदी तीच. बाईंनी चुन्यानं मारलेल्या खुणाही मोजल्या. त्या अशा बेतानं मारायच्या, की एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तळ आणि दोन्ही कडा मिळून बरोबर एक चौरस मीटर भरावा. खुणांमधली अशी साठ घरं हवी होती, साठ होती.

मग त्यांनी पंपाची परीक्षा घेतली. दुसऱ्या नळीनं दहा लिटरची बादली साध्या पाण्यानं भरायला लावली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मिनिट संपलं आणि बादली काठाला लागली. पंप दहाचा होता, दहाच देत होता.

माप खरं, औषध खरं, पंप खरा. उरला तो माणूस.

काकांच्या हाताला घड्याळ कधीच नव्हतं. नव्या नवलाईच्या दिवसांत ते मनाला येईल तसे फवारायचे. एक कोपरा न्हाऊन निघायचा, दुसऱ्याला आचमनही मिळायचं नाही. "हात आहे का लहरी मेघ?" बाई वैतागायच्या. "एका घराला अर्धं मिनिट, इतकंच धरायचं." घड्याळ बघू की नळी बघू, असं म्हणत काकांनी काही दिवस चालढकल केली, आणि एका सकाळी चरात उतरून ओवी म्हणायला लागले. स्वतःच रचलेली होती.

एक धार तळाला, पाया जिथं बसेल,
एक धार कडेला, माती जिथं हसेल,
एक धार कोपऱ्याला, कीड जिथं घुसेल,
काठावर उभी राणी, मोजताना दिसेल.

बाईंनी लाजत लाजत घड्याळ लावून बघितलं, तर संथपणे म्हटलेली ओवी बरोबर अर्ध्या मिनिटाची निघाली. एका घराला एक ओवी, एका ओवीला पाच लिटर. तेव्हापासून किती घरांच्या पायाखाली ही ओवी मुरली असेल, त्याचा हिशेब बाईंनीही ठेवला नव्हता. मिस्त्री लोक थट्टा करायचे, "काका, वाळवी औषधानं नाही, तुमच्या आवाजानं पळते." काका म्हणायचे, "मग तुझ्या आवाजानं ती परत येते, त्याचं काय?"

मास्कमधून शब्द बाहेर येत नसत. नुसतं गुणगुणणं यायचं, चाल यायची, जशी भिंतीपलीकडून जात्याची घरघर यावी. पण बाईंना ती चाल एवढी सवयीची झाली होती, की आपला श्वास जसा आपल्याला ऐकू येत नाही, तशी ती त्यांना ऐकू येईनाशी झाली होती.

आज मात्र त्यांना ती ऐकायची होती.

"मास्क काढलाच आहे, तर जरा म्हणा बघू ओवी."

"इथं? सगळ्यांसमोर?" काकांनी डोळे मिचकावले. "काय गं, आज काय एवढं?"

"म्हणा तर."

काका चराच्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि म्हणाले. पाया जिथं बसेल. माती जिथं हसेल. कीड जिथं घुसेल. आणि मग श्वास घेऊन परत, एक धार तळाला, पाया जिथं बसेल.

बाई वाट बघत राहिल्या. दुसऱ्या फेरीतही तसंच. तीन चरण झाले की आवाज वळणावर आल्यासारखा वळायचा आणि पहिल्याकडे जायचा. कुठे अडखळणं नाही, कुठे चाचपडणं नाही. जणू ओवीला चौथा चरण कधी नव्हताच.

"आणि पुढे?"

"पुढे काय?"

"पुढची ओळ. काठावरची."

"काठावर काय?"

"अहो, राणी."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मनापासून, निर्मळ नजरेनं. मग हसले. "कुठली राणी गं? या वयात राणी कुठून आणू?"

बाईही हसल्या. हसावंच लागलं, मिस्त्री बघत होता. पण आत कुठेतरी चर खचावा तसं काहीतरी खचलं. चारातला एक चरण गेला होता, म्हणून तीनशेतले पाऊणशे उरले होते. हिशेब इतका चोख जुळला, की तो जुळला नसता तर बरं झालं असतं. आणि गेलं होतं ते नेमकं काय? पाया राहिला, माती राहिली, कीडसुद्धा राहिली. गेली ती काठावरची.

मग एकेक करून मागच्या गोष्टी उठून समोर आल्या. दुकानात सुटे पैसे तसेच ठेवून आलेले काका. एकाच माणसाला त्याच्या आईची तब्येत दोनदा विचारणारे काका. चहात साखर घातली का, म्हणून चमचा हातात धरून उभे राहिलेले काका. त्या वेळी बाईंनी म्हटलं होतं, वय झालं. वय हे मोठं सोयीचं पांघरूण असतं, त्याखाली काहीही झाकता येतं.

काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडणार होतं. त्याआधी मातीचं देणं द्यायलाच हवं होतं. बाईंनी हातमोजे चढवले, मास्क बांधला, डोळ्यांवर फवारणीचा चष्मा लावला आणि नळी उचलली.

"तू का?" काका उठायला लागले.

"सकाळी पाठ दुखते म्हणाला होतात ना?"

काका थांबले. "म्हणालो होतो?"

"हो."

"म्हणालो असेन," ते म्हणाले आणि परत बसले.

ते काही म्हणाले नव्हते. आजवर बाई नवऱ्याशी लहानसहान खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. पण त्याच्या विसरण्याचा हात धरून बोललेलं हे पहिलं खोटं. ते किती सहज निघालं, याचीच त्यांना भीती वाटली.

त्या चरात उतरल्या. साठ घरं, पाऊणशे लिटर. घराला सव्वा लिटर. सव्वा लिटर म्हणजे एक चरण. म्हणजे त्यांना म्हणायची होती ती नेमकी राहिलेली ओळ, तेवढीच, प्रत्येक घरात एकदा. मास्कच्या आत, कुणालाही ऐकू जाणार नाही अशी, बाई स्वतःविषयीची ओळ म्हणत चालल्या. काठावर उभी राणी, मोजताना दिसेल. एक पाऊल पुढे. काठावर उभी राणी, मोजताना दिसेल. आणि काठावर काका बसले होते, पाय हलवत, आभाळाकडे बघत. चष्म्याच्या काचेवर आतून वाफ धरली होती, की डोळ्यांतच काही आलं होतं, ते बाईंनी बघितलं नाही. औषधाच्या हातानं डोळा पुसायचा नसतो.

घराच्या मालकीण संध्याकाळी चक्कर टाकायला आल्या. आयुष्यभर रुग्णालयात काम करून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. भाड्याच्या खोलीत राहायच्या, आणि ती खोली वाळवीनं पोखरलेली. "दार ढकललं, तर चौकटच हातात आली हो," हे त्या भेटेल त्याला सांगायच्या. म्हणून स्वतःच्या घराला विटेआधी औषध, असा त्यांचा हट्ट होता.

"बाई, दुसऱ्यांदा का फवारताय?"

"पहिल्यांदा कमी पडलं होतं. पुरं करतेय. आता मापात आहे, काळजी नको."

"कमी कसं पडलं?"

बाई पुढच्या खुणेकडे सरकल्या. काठावरून काका म्हणाले, "नमस्कार सिस्टर! घर कुठंय तुमचं?"

"हेच की, काका."

"हे होय? वा! जागा छान आहे." आणि थोड्या वेळानं, तेवढ्याच आपुलकीनं, "घर कुठंय तुमचं, सिस्टर?"

सिस्टरनी दुसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे उत्तर दिलं. मग बाई नळी गुंडाळत होत्या तिथं येऊन हळूच म्हणाल्या, "कधीपासून?"

"काय?"

"माझे वॉर्डात केस पांढरे झालेत, बाई. काय ते तुम्हाला माहीत आहे."

"आजच कळलं," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरना दाखवा. उद्यावर टाकू नका."

डॉक्टरांनी काकांना तीन शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द परत मागितले. "उसने दिले होते का?" काका म्हणाले. डॉक्टर हसले, बाई हसल्या नाहीत. बाहेर काकांना बाकावर बसवून डॉक्टरांनी समजावलं, की हे उतरणीवरचं चालणं आहे. वेग कमी करता येईल कदाचित, मागे वळवता येणार नाही. बाईंनी विचारलं, "आमच्या औषधानं झालं का हो?" डॉक्टर म्हणाले, तसं खात्रीनं सांगता येत नाही. ते उत्तर बाईंनी घरी आणलं आणि रोज थोडं थोडं चघळलं. प्रत्येक माप आपणच तर कालवून दिलं होतं.

"कामात ठेवा त्यांना," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त चुकलं तर नुकसान होईल अशा ठिकाणी एकटं सोडू नका."

एकटं कशाला सोडेन, बाई मनात म्हणाल्या. नळी काढून घेतली तर राहील काय या माणसात? स्वतःचं गाव विसरेल, मला विसरेल, पण नळी हातात असेतोवर तो काकाच आहे. त्यांनी ठरवलं: एक चरण गेला ना, तो मी म्हणेन. काठावर तर मी उभीच असते.

पायाच्या भिंती जोत्याच्या पातळीपर्यंत आल्या, चरात परत माती भरायची वेळ आली. आता भिंतीला लागून असलेल्या भरावात औषध द्यायचं होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, उभ्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर. म्हणजे दीड ओवी; म्हणून बाईंनी खुणा जवळ घेतल्या, एका खुणेला एकच ओवी पुरेल अशा. मजूर थरावर थर माती टाकत आणि काका भिंतीच्या कडेनं नळी फिरवत. मास्कमधून पहिले तीन चरण गुणगुणले, की काठावरून बाई मोठ्यानं चौथा म्हणत, आणि मगच काका पुढे सरकत.

"अरे वा," मिस्त्री म्हणाला, "आता जोडीचा कार्यक्रम का? तिकीट किती?"

"तुला फुकट. मुकाट ऐक."

काकांनाही गंमत वाटली. मास्क खाली ओढून म्हणाले, "छान आहे गं ही ओळ. तू केलीस?"

"नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं केलीय."

"हुशार आहे गडी."

"होता," असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "आहेच."

त्या दिवशी ड्रम तळापर्यंत कोरडा झाला. ना वाटीभर उरलं, ना वाटीभर कमी पडलं. रिकामा ड्रम बघून कुणाला रडू येतं का? बाईंना आलं, ते आनंदाचं. घरी जाताना काकांनी रस्त्यात त्यांचा हात धरला होता, आणि त्यांना वाटलं, असंच चालेल. फुटक्या भांड्याला लाख लावून माणसं वर्षानुवर्षं पाणी भरतात की. चाललंय तोवर चाललंय.

मग जोतं भरलं. मुरूम टाकून, धुमसानं ठोकून पृष्ठभाग सपाट झाला. इतका घट्ट, की औषध वरच्यावर वाहून गेलं असतं. म्हणून मजुरांनी सळईनं वीत-वीत अंतरावर बोटभर खोल भोकं पाडून ठेवली. खोल्यांच्या आतलं क्षेत्र छप्पन्न चौरस मीटर. दर चौरस मीटरला पाच लिटर; दोनशे ऐंशी. चौदा लिटर औषध, दोनशे सहासष्ट लिटर पाणी. बाईंनी दोऱ्या ताणून मीटर-मीटरचे चौकोन पाडले. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला होता. फवारणीला याहून चांगला दिवस मागून मिळत नाही.

काकांनी मागच्या खोलीपासून सुरुवात केली. दाराकडे पाठ करून, पावलं मागे घेत, म्हणजे भिजलेल्यावर पाय पडत नाही. ही रीत त्यांच्या पायांत मुरलेली होती. गुणगुणणं, मग बाईंचा चरण. गुणगुणणं, मग चरण. पहिला ड्रम संपला, तेव्हा बाईंनी नळी दुसऱ्यात घातली आणि त्यातलं औषध ढवळत राहिल्या. तळाशी बसू नये म्हणून ते सारखं ढवळावं लागतं. पाठ काकांकडे होती, पण कान तिकडेच होते. तीन चरण ऐकू आले, त्यांनी चौथा म्हटला. पुन्हा तीन आले, पुन्हा चौथा. एकदाही चुकलं नाही. बाई ढवळत होत्या आणि मनात म्हणत होत्या, बघा, किती छान चाललंय.

"बाई!" मिस्त्रीनं हाक मारली. त्या आवाजात थट्टा नव्हती. "इकडं तळं झालंय."

बाई वळल्या. काका मधल्या खोलीत एका चौकोनात उभे होते. नळी खाली धरलेली, धार एकाच जागी. गमबुटांभोवती पांढरं औषध साचून दोरीखालून बाजूच्या चौकोनात ओघळत होतं. आणि काका गुणगुणत होते, अगदी तालात. तीन चरण झाल्यावर ते थांबले, बाईंच्या चरणाची वाट बघत. शहाण्या मुलासारखे.

गाणं चालत होतं. पाय थांबले होते.

बाईंनी पंप बंद केला.

किती वेळ असे उभे होते ते? बाईंनी ड्रमात काठी घातली, तळाशी जवळपास काहीच उरलं नव्हतं; मग भिजलेले चौकोन मोजले, राहिलेले मोजले. चाळीस लिटर एकाच जागी जास्तीचं गेलं होतं. आठ ओव्या. त्यातल्या प्रत्येकीचा शेवटचा चरण बाईंनी स्वतः म्हटला होता, पाठ फिरवून, कौतुकानं.

"पंप का बंद केलास?" काकांनी मास्क खाली केला.

"बिघडलाय," बाई म्हणाल्या. "फार जोरात सोडतोय. बघा ना, तळं केलं इथं."

काकांनी खाली बघितलं. मग आपल्या पायांकडे. मग नळीच्या तोंडाला हात लावून बघितला, नळी मुठीत दाबून बघितली, पंपापाशी जाऊन वाकून काटा बघितला. हे सगळं त्यांच्या हातांना येत होतं, अजून सगळं येत होतं. बाई उभ्या राहून बघत होत्या, आणि आपण या माणसाला कोणत्या विषयात फसवायला निघालो होतो, हे त्यांना उशिरा उमगलं.

"पंप ठीक आहे," काका म्हणाले.

बाईंनी हातातली काठी ड्रमला टेकवून ठेवली.

"पंप ठीक आहे गं," ते पुन्हा म्हणाले, हळू. "मग मीच, नाही का?"

मिस्त्रीनं मान फिरवली आणि उगाचच एका मजुरावर खेकसला, इथं काय बघतोस, विटा भिजव म्हणून. खोलीत दोघंच राहिले, आणि खोली म्हणजे तरी काय, चार दोऱ्या आणि कमरेएवढंही नसलेलं जोतं. त्यात ती दोघं उघड्या आभाळाखाली समोरासमोर उभी.

"आधीही झालं होतं का असं?"

आता खोटं बोलायला बाईंपाशी काहीच उरलं नव्हतं. "चराच्या वेळी. तेव्हा कमी पडलं होतं."

"आणि तू पुरं केलंस."

"हो."

"पाठ दुखत नव्हती माझी."

"नव्हती."

हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं! नको ते राहतं आणि हवं ते जातं, असा कसा हा चाळणीचा न्याय? काकांनी खाली वाकून नळी ठेवली. फेकली नाही, टाकली नाही. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी ठेवली. मग एकेक बोट सोडवत हातमोजे काढले.

"सिस्टरचं घर आहे," ते म्हणाले. "त्यांची चौकट हातात आली होती म्हणतात. पुन्हा येता कामा नये."

"अहो, मी बाजूला उभी राहीन. तुमचा हात धरून पुढे नेईन. अजून आठच घरं राहिलीत."

"ही आठ हात धरून नेशील. पुढच्या बांधकामावरची?" त्यांनी हातमोजे बाईंपुढे धरले. "घे. मला समजतंय तोवर घे. नंतर मी देणार नाही, भांडेन तुझ्याशी."

बाईंनी ते घेतले. आतून अजून गरम होते.

तळ्याभोवती दोरी बांधून ती जागा मुरायला सोडली. आठ चौकोन कोरडे होते, आणि अर्ध्या जोत्यावर औषध देऊन अर्धं ठेवता येत नाही. वाळवीला एक फट पुरते. आठ चौकोन, पाच पाच लिटर. चाळीस. बाईंनी ड्रम ओढला. त्या भराभर कामाला लागल्या.

"मी काय करू?" काकांनी विचारलं. नवं लागलेलं माणूस विचारतं, तसं.

बाई थांबल्या. औषध ओतायला देणं बरं नव्हतं. "पाणी घाला. बादल्यांनी. अडतीस लिटर."

"औषध किती?"

"दोन लिटर. ते मी घालते."

काका बादली घेऊन नळापाशी गेले. भरून आणली, ड्रमात ओतली, दहा. बाईंनी ड्रमाच्या आत खडूनं रेघ मारून ठेवली होती, पाणी तिथवर आलं की पुरे. काका दुसरी बादली घेऊन आले.

"औषध किती म्हणालीस?"

"दोन लिटर."

तिसरी बादली. पाणी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "आणि औषध गं?"

मिस्त्री लांबून बघत होता. सिस्टर कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्याही विटांच्या ढिगापाशी उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. बाईंनी कुणाकडे बघितलं नाही. त्यांनी मोजपात्र हातात घेतलं, उजेडात धरलं, दोनच्या रेघेवर नजर नेली. आयुष्यभर आपणच विचारत आलो, सगळं झालं का, कोरडं तर नाही ना राहिलं. तो मात्र एका शब्दानं कधी चिडला नाही.

"दोन लिटर, अहो," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या. "चाळीसात दोन."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले, आणि रिकामी बादली घेऊन परत नळाकडे निघाले.